विश्लेषण : पदवी इंजिनीअरची, काम ऑपरेटरचे! सायखेड्यातून वर जाण्याचा रस्ता किती वर्षांचा?

पदवीनंतर हाती आलेले काम पदवीच्या खालचे असते, तेव्हा काहीजण ते वर्षानुवर्षे तसेच करत राहतात, तर काही स्पर्धा परीक्षांच्या नादी लागतात. दोन्हीत वर्षे जातात. यातली बरीचशी वर्षे वाचू शकतात, पण त्यासाठी कोणते दार किती काळ उघडे असते, हे आधी माहीत हवे.

सकाळी साडेपाचला सायखेडा-चांदोरीदरम्यानच्या गोदावरीच्या पुलावरून दुचाक्या नाशिकच्या दिशेने निघतात. सातच्या पहिल्या पाळीला सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचायचे असते. पाठीवर बॅग, बॅगेत डबा. यातल्या काहींच्या घरी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा प्रॉडक्शन इंजिनीअरिंगची पदवी फ्रेम करून लावलेली आहे. कंपनीच्या गेटवर मात्र त्यांचा पास कॉन्ट्रॅक्टरच्या नावाचा असतो आणि त्यावर पद लिहिलेले असते ‘हेल्पर’ किंवा ‘ऑपरेटर’.

निफाड तालुक्यातले हे गाव कांदा आणि द्राक्षांचे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे आहे. शेती असलेल्या घरातून कर्ज काढून किंवा एखाद्या हंगामाच्या पैशातून मुलाला इंजिनीअर केले जाते. चार वर्षांनी तो ‘कंपनीत लागला’ एवढे गावाला कळते. तिथे तो नेमके काय करतो, हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

याला बेरोजगारी का म्हणत नाहीत?

कारण सरकारी मोजणीत हा तरुण बेरोजगार नसतो. देशाच्या श्रमशक्ती पाहणीत ‘चालू साप्ताहिक स्थिती’ नावाचे एक माप आहे. त्यानुसार आठवड्यात कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले, तरी माणूस रोजगारात धरला जातो. त्या मोजणीत मशिनवर आठ तास उभा राहणारा इंजिनीअर पूर्णपणे ‘कामावर’ आहे. त्याच्या शिक्षणाचा आणि त्या कामाचा मेळ बसतो का, हा प्रश्न बेरोजगारीच्या आकड्यात येतच नाही.

हा मेळ तपासण्याचे वेगळे माप आहे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात कामांच्या चार पातळ्या केल्या आहेत. साधे अंगमेहनतीचे काम पहिल्या पातळीवर येते. मशिन चालवणे, कारकुनी, विक्री ही कामे दुसऱ्या पातळीवर, तंत्रज्ञ तिसऱ्या आणि इंजिनीअरसारखे व्यावसायिक चौथ्या पातळीवर. पदवीधराने तिसऱ्या-चौथ्या पातळीवर असावे, ही अपेक्षा. केंद्र सरकारच्या २०२४-२५च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातले निम्म्याहून अधिक पदवीधर त्यांच्या शिक्षणाच्या खालच्या पातळीवरचे काम करत आहेत. म्हणजे सायखेड्याच्या पुलावरून जाणारा तरुण अपवाद नाही. त्याने काही चूक केली म्हणून तो तिथे आहे, असेही नाही.

चूक होते ती पुढे. दुसऱ्या पातळीवरून तिसऱ्या पातळीवर जायला जी दारे आहेत, ती सगळी सारखा वेळ उघडी नसतात. बहुतेक तरुण ती नेमकी उलट्या क्रमाने ठोठावतात.

कोणते दार किती काळ उघडे?

सर्वांत जास्त काळ उघडे राहणारे दार राज्य सरकारी भरतीचे आहे. २०१६ मध्ये राज्याने सरळसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३ केली. हेतू चांगला होता. पण २२ वर्षांच्या तरुणाला त्यातून ‘अजून सोळा वर्षे आहेत’ असा निरोप मिळतो. पोलीस शिपाई भरतीसारखे काही अपवाद आहेत, तिथे खुल्या गटाची मर्यादा २८ आहे. केंद्राच्या कनिष्ठ अभियंता परीक्षांचे दार साधारण तिशीच्या आसपास बंद होते. ‘गेट’च्या गुणांवर इंजिनीअर घेणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांची मर्यादा त्याहून कमी असते आणि गेटचा निकालही तीनच वर्षे चालतो.

त्याहून लवकर बंद होते ते ‘ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’चे दार. खासगी कंपन्या या भरतीत वयापेक्षा उत्तीर्ण वर्ष पाहतात. ‘अमुक वर्षीची बॅच’ असे जाहिरातीतच लिहिलेले असते. एक-दोन वर्षे उलटली की अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो.

आणि सर्वांत आधी बंद होणाऱ्या दाराची तर अनेकांना माहितीच नसते. ते म्हणजे पदवीधर अप्रेंटिसशिप. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. त्याखालच्या नियमांत एक अट आहे : पदवी मिळाल्यानंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त प्रशिक्षण वा नोकरीचा अनुभव असलेला इंजिनीअर अप्रेंटिस म्हणून घेता येत नाही. सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिरातींत ही अट स्पष्ट छापलेली असते आणि बहुतेक वेळा अलीकडच्या काही वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांनाच अर्ज करता येतो.

याचा सायखेड्यातल्या तरुणासाठी अर्थ असा. घरी बसायला नको म्हणून त्याने कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून काम धरले. बारा महिने झाले, पीएफ खात्यात नोंद पडली. त्या दिवशी त्याच्यासाठी ओझरच्या एचएएलसह सगळीकडचे पदवीधर अप्रेंटिसचे दार बंद झाले. त्याला मात्र हे दीड-दोन वर्षांनी, एखादी जाहिरात वाचताना कळते. नोंद असताना अनुभव लपवून अर्ज करणे हा तर नवा धोका.

म्हणून क्रम बदलायला हवा. जे दार आधी बंद होते, ते आधी ठोठवावे. ३८ व्या वर्षापर्यंत उघडे असणाऱ्या दारासमोर पहिली तीन वर्षे बसून राहणे आणि तोवर पहिल्या वर्षातच बंद होणारे दार निसटू देणे, हा सगळ्यांत महागाचा सौदा ठरतो.

अप्रेंटिसशिपमध्ये मिळते काय आणि मिळत नाही काय?

पदवीधर आणि डिप्लोमाधारकांची नोंदणी ‘नॅट्स’ या केंद्राच्या पोर्टलवर होते. पत्ता nats.education.gov.in. कालावधी सहसा एक वर्षाचा. २०१९च्या नियमांत पदवीधरासाठी किमान विद्यावेतन महिना ९ हजार रुपये धरले होते. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते. किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलते. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे. म्हणजे ही मेहेरबानी नाही, कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे.

कायम नोकरीची हमी मात्र यात नाही. कंपनीवर तसे बंधनही नाही. वर्ष संपले की प्रमाणपत्र मिळते आणि गेटबाहेर यावे लागते. मग ऑपरेटरचा पगार सोडून हे का करायचे?

हिशेब मांडून पाहू. समजा, कॉन्ट्रॅक्टरकडे हातात १५ हजार येतात आणि अप्रेंटिसशिपला ९ हजार. फरक महिन्याला ६ हजारांचा, वर्षाला ७२ हजारांचा. कर्जाचा हप्ता असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही. त्या बदल्यात काय विकत मिळते, हे पाहूनच निर्णय व्हावा. क्वालिटी, मेंटेनन्स, प्लॅनिंग किंवा टूल रूम अशा विभागांत वर्ष जाणार असेल, तर ते ७२ हजार वसूल होतात. कारण पुढच्या मुलाखतीत तो तरुण तिसऱ्या पातळीचे काम केलेला माणूस म्हणून बसतो. ‘अप्रेंटिस’ म्हणून घेऊन त्याच लाइनवर मशिन चालवायला उभे करणार असतील, तर तो फक्त स्वस्तातला ऑपरेटर झाला. तिथे ७२ हजार बुडीत.

हे आधी ओळखायचे कसे? करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. करार पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का? वर्षभरात कोणकोणत्या विभागांत किती महिने, याचा लेखी कार्यक्रम आहे का? आणि मागच्या वर्षीचे अप्रेंटिस आता कुठे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली, तर उत्तर मिळाले असे समजावे.

नावात ‘प्रशिक्षण’ असलेली प्रत्येक योजना म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १० हजार, मुदत सहा महिने. ती नंतर अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. अनेक तरुण ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कार्यालयांत लागले आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलने झाली. घरखर्चाला त्या पैशांचा आधार झाला, हे खरे. पण मेकॅनिकल इंजिनीअरने अकरा महिने ग्रामपंचायतीत दाखले टाइप केले, तर इंजिनीअर म्हणून त्याच्या खात्यात त्यातून फारसे काही जमा होत नाही.

अप्रेंटिसशिप मिळाली नाही किंवा वर्ष उलटून गेले असेल तर?

बहुतेकांची परिस्थिती हीच आहे. जागा मर्यादित असतात आणि अर्ज खूप. अशा वेळी ऑपरेटरचे काम धरण्यात कमीपणा नाही. पण मशिन शॉपमधली शिडी माहीत हवी. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, मग प्रोग्रामर किंवा क्वालिटी इन्स्पेक्टर, पुढे प्रोसेस किंवा क्वालिटी इंजिनीअर. दुसऱ्या पातळीवरून तिसऱ्यावर जाण्याची उडी ऑपरेटर आणि सेटर यांच्या मधे आहे. ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, गेजने तपासतो. सेटर नवीन जॉब मशिनवर बसवतो, टूल लावतो, मापे जुळवतो आणि पहिला नग मंजूर करून घेतो. आठ-दहा मशिनांमागे एखादाच सेटर असतो, म्हणून ही पायरी अरुंद आहे. ती सेवाज्येष्ठतेने मिळत नाही, मशिन ‘कळते’ हे दिसल्यावर मिळते.

ते दिसावे कसे, याचे एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ.

सीएनसी लेथवर एका जॉबला ३० मिलिमीटरचे बोअर करायचे आहे. ड्रॉइंगवर लिहिले आहे ३० एच ७. याचा अर्थ बोअर ३०.००० ते ३०.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान हवे. त्याहून लहान झाले तर दुरुस्ती, मोठे झाले तर नग भंगारात. बोअर करणाऱ्या इन्सर्टचे टोक हळूहळू झिजते. टोक झिजले की ते धातूत तेवढे खोल जात नाही आणि बोअर थोडे थोडे लहान होत जाते.

नेहमीचा ऑपरेटर काय करतो? तपासणीत नग लहान निघाला की सेटरला हाक मारतो. सेटर दुसऱ्या मशिनवर गुंतलेला असतो. तो येईपर्यंत चार-पाच नग आणखी लहान होतात. पाळीच्या शेवटी रिजेक्शनच्या रकान्यात आकडा पडतो आणि बोलणी बसतात.

आता त्याच मशिनवर इंजिनीअरसारखा विचार करणारा ऑपरेटर पाहू. तो दर दहाव्या नगाचे माप वहीत लिहितो. समजा, सुरुवातीला ३०.०१५, दहा नगांनंतर ३०.०१३, वीस नगांनंतर ३०.०११. म्हणजे दर दहा नगांमागे दोन मायक्रॉनची घट. पन्नास नगांनंतर माप ३०.००५ वर येणार आणि पंचाहत्तरीच्या पुढे ते मर्यादेखाली जाणार, हे वहीच सांगते. मग नग खराब होण्याची वाट कशाला पाहायची? पन्नासाव्या नगालाच वेअर ऑफसेटमध्ये दहा मायक्रॉनची दुरुस्ती दिली, तर माप पुन्हा ३०.०१५ वर येते. एकाच पाळीतल्या मापांवर भिस्त न ठेवता तो तीन-चार इन्सर्टची झीज अशीच नोंदवतो. मग वही घेऊन सेटरकडे किंवा सुपरवायझरकडे जातो आणि दुरुस्ती कधी करावी, हे सुचवतो. ऑफसेटला परवानगीशिवाय हात लावत नाही, कारण चुकीच्या दिशेने दिलेली एकच दुरुस्ती अख्खी रांग भंगारात घालू शकते.

हे चौथ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले ‘स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल’च आहे. पुस्तकात ते पाच मार्कांचे होते, इथे त्याच्यावर पुढची नोकरी उभी राहते. क्वालिटीच्या मुलाखतीत ‘तुम्ही काय करत होता’ या प्रश्नाला ‘सीएनसी ऑपरेटर होतो’ हे एक उत्तर झाले. ‘एका बोअरिंग ऑपरेशनला रिजेक्शन येत होते, कारण इन्सर्टची झीज होती, मी मापे नोंदवून दुरुस्तीची वेळ ठरवून दिली आणि रिजेक्शन इतके खाली आले’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात फक्त महिने मोजलेले आहेत, दुसऱ्यात केलेले काम दिसते.

एक पथ्य मात्र पाळावे. कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो काढू नयेत, ग्राहकाचे नाव वा पार्ट नंबर बाहेर नेऊ नये. वहीत लिहायचा तो प्रश्न, त्याचे कारण, उपाय आणि फरक.

कागदांचे काय?

अनेकांची दोन-तीन वर्षे प्रत्यक्षात काम करूनही वाया जातात ती कागदांमुळे. काही लहान कारखाने इंजिनीअरला ऑपरेटर म्हणून घ्यायला कचरतात. तो लवकर सोडून जाईल, अशी त्यांना भीती असते. म्हणून काही तरुण अर्जावर फक्त बारावी लिहितात. काम मिळते, पण ज्या कामावर आपण इंजिनीअर आहोत हेच कंपनीला माहीत नाही, तिथे वरची पायरी मागणार कशी? आणि पुढे पदवीनंतरची ही वर्षे दाखवायची तरी कशी? पदवी लपवून मिळालेले काम फार तर काही महिने टिकवावे, त्यावर पुढचे बेत आखू नयेत.

दुसरा मुद्दा कॉन्ट्रॅक्टरचा. पीएफच्या नोंदीत कॉन्ट्रॅक्टरचे नाव येते, ज्या कंपनीत काम केले तिचे नाही. म्हणून अनुभवपत्रात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : प्रत्यक्ष कामाची जागा, कामाचे स्वरूप आणि तारखा. ‘हेल्पर’ एवढेच लिहिलेले पत्र पुढच्या ठिकाणी उलट अंगावर येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक केले आहे. ते पहिल्या महिन्यातच मागावे. सोडताना मागितले, तर मिळेलच असे नाही. यूएएनचे पासबुकही दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइलवर पाहावे. पगारातून कापलेले पैसे आणि रुजू झाल्याची तारीख तिथे दिसत नसेल, तर अनुभवाचा पुरावाच तयार होत नाही.

गावातून ये-जा करावी की खोली घ्यावी?

हा प्रश्न घरगुती वाटतो, पण वर्षे वाचणार की जाणार हे बऱ्याचदा इथेच ठरते. समजा, जाऊन-येऊन रोजचे ७० किलोमीटर आणि अडीच तास. दुचाकी लिटरला ५० चा ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर रोज साधारण १४७ रुपये, २६ दिवसांचे ३,८०० च्या आसपास. सातपूरला तिघांत खोली अडीच हजार आणि मेस तीन हजार धरली, तर साडेपाच हजार. खोली १,७०० रुपयांनी महाग पडते. पण ये-जा करण्यात महिन्याला ६५ तास जातात. म्हणजे तासाला साधारण २६ रुपये मोजून तो वेळ परत मिळतो.

मात्र तो वेळ प्रोग्रामिंग शिकण्यात, अर्ज करण्यात किंवा परीक्षेच्या अभ्यासात गेला, तरच हा सौदा फायद्याचा. खोलीवर मोबाइल पाहण्यात जाणार असेल, तर घरी राहिलेले बरे. गावी राहण्याची आणखी एक न मोजलेली किंमत असते. ऑक्टोबरात द्राक्षछाटणी, मार्च-एप्रिलमध्ये कांदाकाढणी. घरात हात कमी पडतात आणि ‘चार दिवस सुट्टी टाक’ असा आग्रह होतो. कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीपटावर ते चार दिवस बिनपगारी होतातच, शिवाय सेटर होण्यासाठी कोणाला निवडायचे या यादीतून नावही मागे जाते. आई-वडिलांशी याबाबत वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट बोलून घ्यावे.

मग स्पर्धा परीक्षा द्यायच्याच नाहीत का?

द्याव्यात, पण संख्या डोळ्यांसमोर ठेवून. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. सगळेच तयारीने बसत नाहीत हे मान्य, तरी चित्र स्पष्ट आहे. शिवाय या परीक्षेत इंजिनीअरच्या पदवीला वेगळे वजन नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिथे बरोबरीने उभा असतो. कनिष्ठ अभियंता किंवा अभियांत्रिकी सेवा परीक्षेत निदान शिकलेला विषय कामी येतो. म्हणून इंजिनीअरने परीक्षा निवडताना आधी आपल्या विषयाच्या परीक्षा धराव्यात.

आणि दोन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात : किती प्रयत्न आणि कोणत्या महिन्यापर्यंत. ‘यंदा थोडक्यात हुकले’ हे वाक्य फसवे असते. ते खरे आहे का, हे गुणांवरून कळते. कट-ऑफपासूनचे अंतर दर प्रयत्नात कमी होत असेल, तर आणखी एक प्रयत्न रास्त. दोन प्रयत्नांत अंतर तेवढेच राहिले असेल, तर तिसऱ्याने ते कमी होण्याची शक्यता थोडी. भरतीच लांबली, तर दोष उमेदवाराचा नसतो, पण वय त्याचेच वाढते. म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ तयारीत एक वर्षाहून अधिक काळ घालवू नये.

चोवीस महिन्यांचा आराखडा कसा असेल?

यंदा उत्तीर्ण झालेल्या तरुणाने पहिले तीन-चार महिने फक्त लवकर बंद होणाऱ्या दारांना द्यावेत : नॅट्सवर नोंदणी, अप्रेंटिसशिपचे अर्ज आणि ट्रेनी भरती. गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे. या काळात काही जमले नाही, तर ऑपरेटरचे काम धरावे, पण कॅलेंडरवर अकरावा महिना लाल करून ठेवावा. तोपर्यंत चांगल्या विभागातली अप्रेंटिसशिप मिळाली, तर ७२ हजारांचा हिशेब मांडून निर्णय घ्यावा. बारावा महिना उलटला की तो पर्याय संपला.

त्यानंतरचे वर्ष सेटर किंवा क्वालिटीकडे जाण्याचे. सहा महिन्यांनी एकदा स्वतःला एकच प्रश्न विचारावा : सहा महिन्यांपूर्वी जे करत होतो, त्याहून वेगळे आज काय करतो? ड्रॉइंग वाचायला मिळते का, पहिला नग तपासायला मिळतो का, दुसऱ्या मशिनवर सोडतात का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे आणखी वर्ष काढून अनुभव वाढत नाही, तोच अनुभव दुसऱ्यांदा होतो. दोन-चारशे रुपये जास्त मिळतात म्हणून थांबू नये. जिथे शिडी आहे तिथे, त्याच पगारावरही, जावे. बाहेरचा कोर्स करायचाच असेल, तर तो या टप्प्यावर, मशिन कळल्यानंतर. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेतला प्रत्यक्ष मशिनवरचा कोर्स आणि गल्लीतला महागडा सॉफ्टवेअर कोर्स यांत तेव्हा फरक करता येतो.

हा आराखडा सगळ्यांना सारखा लागू पडणार नाही. मुलींसाठी रात्रपाळी आणि रात्रीची वाहतूक ही मोठी अडचण आहे. त्यांना सेटरच्या वाटेपेक्षा क्वालिटी लॅब, मापन कक्ष, डिझाइन अशी दिवसपाळीची वाट जास्त सोयीची पडते आणि तिथे अप्रेंटिसशिपचे महत्त्व आणखी वाढते. ज्या घरात त्या महिन्याचा हप्ता भरायचाच आहे, तिथे तीन महिने थांबणेही परवडत नाही. अशा तरुणाने काम धरूनच अर्ज करावेत. अकरा महिने त्याच्याकडेही असतातच.

चूक फक्त तरुणांची आहे का?

मुळीच नाही. अप्रेंटिसशिपची एक वर्षाची अट निरोप समारंभाच्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना सांगायला हवी. ते न सांगता ‘प्लेसमेंट’च्या आकड्यांत ऑपरेटरची नोकरीही इंजिनीअरची म्हणून मोजली जाते, तेव्हा फसवणूक तिथूनच सुरू होते. शासनाने ही अट नव्याने तपासावी. पोटासाठी हेल्परकी केलेल्या मुलाचा अनुभव आणि ट्रेनी इंजिनीअरचा अनुभव एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पदवीच्या पातळीखालचे काम या अटीतून वगळले, तर सायखेड्यासारख्या गावांतल्या हजारो मुलांना दुसरी संधी मिळेल. आणि उद्योगांनी अनुभवपत्रात खरे काम लिहावे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाने आज संध्याकाळी यूएएनचे पासबुक उघडून रुजू झाल्याची तारीख पाहावी आणि त्यापुढे अकरा महिने मोजावेत. ती तारीख अजून पुढे असेल, तर एक दार उघडे आहे. मागे गेली असेल, तर वही आणि सेटरची पायरी उरते, आणि तिचा पहिला दिवस उद्याच्या पाळीतला.